मीटरमधले दिवे : कोणता लागला की गाडी तिथेच थांबवायची

मामा, तुम्ही फोटो काढून पाठवलेली गाडीच्या पुस्तकातली दिव्यांची पाने मराठीत उतरवली आहेत. प्रिंट काढून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा आणि बदली ड्रायव्हरलाही वाचायला लावा. पुस्तकात दिवे मीटरवर डावीकडून जसे दिसतात त्या क्रमाने दिले आहेत, म्हणून सीटबेल्ट पहिल्या पानावर आणि ऑइल कुठेतरी शेवटी. मी तो क्रम मोडला आहे. इंजिन लगेच बंद करायला लावणारे दिवे आधी, बाकीचे नंतर. मजकूर पुस्तकातला आहे; जिथे मी भर घातली तिथे 'माझे' असे लिहिले आहे. फोटो रात्री ट्यूबलाइटखाली काढलेले दिसतात, लाल आणि पिवळा त्यात सारखाच वाटतो. म्हणून बहुतेक दिव्यांचा रंग शब्दांत लिहिला आहे. तो पुस्तकाच्या मजकुरातून घेतला आहे, चित्रावरून नाही.

सुरुवातीला

लाल म्हणजे धोका. पिवळा म्हणजे बिघाड किंवा सूचना, लवकर तपासून घ्या. हिरवा आणि निळा म्हणजे काहीतरी चालू आहे एवढेच.

चावी फिरवली की बहुतेक दिवे एकदम लागतात आणि इंजिन सुरू झाल्यावर थोड्या वेळात विझतात. ही दिव्यांची स्वतःची तपासणी आहे. या वेळी एखादा दिवा लागलाच नाही, तर तो दिवा किंवा त्याची वायरिंग बिघडलेली असू शकते. दुरुस्त करून घ्या.

माझे : रोज सकाळी सेल्फ मारण्याआधी दोन सेकंद थांबून ऑइलचा आणि ब्रेकचा दिवा लागतो का ते बघा. जुनी गाडी विकताना लागून राहणारा दिवा काढून टाकणारे लोक असतात. आपली गाडी दुसऱ्या हातची आहे.

थांबायचे कसे

धोक्याचे चारही इंडिकेटर लावा, वेग कमी करत डाव्या कडेला घ्या. गाडी पूर्ण थांबेपर्यंत चावी बंद करू नका. इंजिन बंद पडले की स्टीअरिंग जड होते आणि ब्रेकला मिळणारी मदत दोन-चार वेळा पाय दाबेपर्यंतच उरते. चालत्या गाडीत चावी बाहेर काढली तर स्टीअरिंग लॉक होऊ शकते. गाडी थांबल्यावर हँडब्रेक ओढा, गिअर टाका, प्रवाशांना रस्त्यापासून दूर उभे करा आणि लाल त्रिकोण गाडीच्या बराच मागे ठेवा.

माझे : कन्नड घाटात 'तिथेच' म्हणजे वळणावर नाही. मागून येणाऱ्याला आधीच दिसेल अशी सरळ जागा गाठायची, पण ती शोधण्यासाठी घाट चढत राहायचे नाही. चाकाला दगड लावलात तर निघताना तो उचलून कडेला टाका. रात्री त्याच दगडावर एखादी मोटरसायकल जाते.

इंजिन ताबडतोब बंद करा

*तेलाचा डबा, तोंडाशी थेंब. लाल.*
इंजिन ऑइलचा दाब कमी झाला आहे. सुरक्षित जागी थांबा आणि इंजिन लगेच बंद करा. हा दिवा लागलेला असताना गाडी चालवली तर इंजिनचे गंभीर नुकसान होते. गाडी सपाट जागी असताना पाच मिनिटे थांबून ऑइलची पट्टी काढा, पुसा, पुन्हा घाला आणि पातळी बघा. पातळी खालच्या खुणेपेक्षा खाली असेल तर योग्य प्रतीचे ऑइल भरा. पातळी बरोबर असूनही दिवा विझत नसेल तर इंजिन सुरू करू नका, गाडी टोचन करून न्या.

माझे : हा सगळ्यात महत्त्वाचा दिवा. तो ऑइल किती आहे ते सांगत नाही, दाब आहे की नाही ते सांगतो. म्हणून 'परवाच ऑइल भरलंय' हे गाडी पुढे हाकायला कारण होत नाही. पंप गेला असेल, जाळी चोंदली असेल, नाहीतर खाली दगड लागून चेंबर फुटले असेल. थांबलात की आधी गाडीखाली डोकावून बघा. वळणावर किंवा चढावर दिवा क्षणभर चमकून विझला, तरी ऑइल कमी झाले आहे असे धरून पट्टी बघायची. 'चाळीसगाव पंधराच किलोमीटर राहिलं' असा हिशेब इथे करायचा नाही. दाब गेलेले इंजिन काही मिनिटांत जाम होऊ शकते, आणि मग टोचनच्या खर्चाच्या कित्येक पट बिल होते.

*लाटांमध्ये उभा थर्मामीटर. लाल.*
इंजिन प्रमाणाबाहेर तापले आहे. सुरक्षित जागी थांबा. एसी बंद करा. बोनेटखालून वाफ येत असेल किंवा कूलंट गळत असेल तर इंजिन लगेच बंद करा आणि वाफ थांबेपर्यंत बोनेट उघडू नका. वाफ नसेल तर इंजिन न्यूट्रलमध्ये चालू ठेवा, हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात करा. रेडिएटरचा फॅन फिरत नसेल किंवा काटा खाली येत नसेल तर इंजिन बंद करा. इंजिन गरम असताना रेडिएटरचे किंवा कूलंटच्या टाकीचे झाकण कधीही उघडू नका, उकळते पाणी दाबाने बाहेर येऊन गंभीर भाजते. किमान 30 मिनिटे थांबा. मग टाकीतली पातळी दोन रेघांच्या मध्ये आहे का ते बघा. हाच दिवा निळा असेल तर इंजिन अजून थंड आहे. तो आपोआप विझेपर्यंत इंजिनावर जोर देऊ नका.

माझे : मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या वर जातो. तेव्हा सात माणसे, एसी आणि घाटाचा चढ एकत्र आले की काटा आधी वर सरकतो, दिवा नंतर लागतो. काटा मधल्या खुणेच्या पुढे गेला की एसी बंद करायचा, गाडीत पेशंट असला तरी. काचा उघडा आणि समजावून सांगा. ढाब्यावरचे गार पाणी तापलेल्या इंजिनावर ओतायचे नाही, हेड वाकते किंवा तडकते. कापसाच्या हंगामात रेडिएटरच्या जाळीत सरकीचा भुसा आणि कापूस अडकतो. दर पंधरा दिवसांनी जाळी धुवून घ्या.

*गोलात उद्गारचिन्ह, दोन्ही बाजूंना कंस. लाल.*
हँडब्रेक ओढलेला आहे, किंवा ब्रेक ऑइल कमी आहे, किंवा ब्रेकच्या यंत्रणेत बिघाड आहे. आधी हँडब्रेक पूर्ण सोडा. दिवा विझला नाही तर वेग कमी करून सुरक्षित जागी थांबा आणि ब्रेक ऑइलची टाकी बघा. पातळी खालच्या रेघेखाली असेल तर गाडी चालवू नका. या दिव्यासोबत ए-बी-एस अक्षरांचा पिवळा दिवाही लागला तर जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाके अडकून गाडी फिरू शकते. गाडी उभी करून सर्व्हिस सेंटरला कळवा.

ब्रेकचे पेडल खोल जात असेल तर : पेडल वारंवार दाबून सोडा, एकेक गिअर खाली आणा, हँडब्रेक हळूहळू ओढा, झटक्यात ओढू नका.

माझे : इथे पुस्तकात एक गोष्ट नाही. तापलेल्या ब्रेकसाठी मीटरमध्ये दिवाच नाही. परतीला घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला तर पॅड तापतात, ब्रेक ऑइल उकळते, पेडल मऊ पडते, आणि तरी मीटर स्वच्छ दिसते. जळका वास आला किंवा पेडल मऊ लागले की लाल दिवा लागला आहे असेच समजा आणि थांबा. उतरताना दुसरा-तिसरा गिअर. न्यूट्रल कधीच नाही. डिझेल वाचवायला तर नाहीच.

थांबा, बघा, मग ठरवा

*बॅटरी. लाल.*
बॅटरी चार्ज होत नाही. सुरक्षित जागी थांबून बोनेट उघडा आणि पट्टा बघा. पट्टा तुटला किंवा सैल झाला असेल तर पुढे जाऊ नका; त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप चालतो, इंजिन तापेल. पट्टा शाबूत असेल तर एसी, पंखा, गाणी असे सगळे बंद करून सर्वांत जवळच्या गॅरेजपर्यंत जा. मध्ये इंजिन बंद करू नका, पुन्हा सुरू होईलच असे नाही.

माझे : रात्री हेडलाइटमुळे बॅटरी फार लवकर उतरते. अंधारात घाट चढायचा असेल तर 'जवळचे गॅरेज' घाटाच्या अलीकडचेच.

*इंजिनाचे चित्र. पिवळा.*
स्थिर असेल तर इंजिन किंवा धुराच्या यंत्रणेत बिघाड आहे. वेग कमी ठेवा, गाडी लवकर तपासा. ताकद कमी झाली, इंजिन झटके देऊ लागले किंवा दिवा लुकलुकू लागला तर थांबा आणि सर्व्हिस सेंटरला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

*डब्यात ठिपके, धुराचा फिल्टर. पिवळा.*
फिल्टरमध्ये काजळी साचली आहे. रस्ता मोकळा असेल तर ताशी 60 किलोमीटरच्या वर, साधारण 20 मिनिटे न थांबता चालवा. काजळी जळून दिवा विझतो. विझला नाही तर सर्व्हिस सेंटरला जा. या काळात सायलेन्सर खूप तापतो. वाळलेले गवत किंवा पेटेल अशा वस्तूंवर गाडी उभी करू नका.

माझे : 1 एप्रिल 2020 पासून धुराचे बीएस-6 नियम लागू झाले, त्यानंतरच्या बहुतेक डिझेल गाड्यांत हा फिल्टर असतो. गावातल्या गावात फेऱ्या मारल्या की दिवा हमखास लागतो, धुळ्याच्या हायवेला एक फेरी झाली की विझतो. गवताची सूचना मात्र आपल्यासाठीच लिहिल्यासारखी आहे. खळ्यात, पऱ्हाट्यांवर किंवा कडब्याजवळ गाडी लावायची नाही.

गाडी चालते, पण दुर्लक्ष नको

*ए-बी-एस, एकटाच. पिवळा.* नेहमीचे ब्रेक लागतात, पण जोरात मारले तर चाके अडकून घसरू शकतात. अंतर जास्त ठेवा.

*पट्टा बांधलेला माणूस, समोर गोळा. लाल.* एअरबॅगमध्ये बिघाड. धडकेत ती उघडणार नाही, किंवा कारण नसताना उघडेल. माझे : लाल असला तरी रस्त्यात इंजिन बंद करण्याचा हा दिवा नाही. पण सीट कव्हर बदलणाऱ्याला सीटखालच्या पिवळ्या वायरींना हात लावू देऊ नका.

*डिझेल फिल्टर, खाली थेंब. पिवळा.* फिल्टरमध्ये पाणी जमले आहे. लवकरात लवकर काढून घ्या, नाहीतर पंप आणि इंजेक्टर खराब होतात.

*वेटोळे, गुंडाळलेली तार. पिवळा.* इंजिन सुरू होण्याआधीची गरमाई. विझल्यावरच सेल्फ मारा. चालताना लुकलुकला तर गाडी तपासा.

*स्टीअरिंग आणि उद्गारचिन्ह.* स्टीअरिंगची मदत बंद. जड होते पण फिरते. घाटात जाऊ नका.

*टायरच्या आडव्या छेदात उद्गारचिन्ह. पिवळा.* हवा कमी. थांबून चारही टायर बघा.

सीटबेल्ट, उघडे दार, निळा अप्पर हे तुम्हाला माहीत आहेत, ते लिहीत बसले नाही.

*डिझेल पंप. पिवळा.* इंधन थोडे उरले आहे. चढावर किंवा वळणावर हा दिवा लवकर लागू शकतो. टाकी पूर्ण रिकामी होऊ देऊ नका. लाइनमध्ये हवा शिरली तर डिझेल भरूनही गाडी सुरू होत नाही, हवा काढावी लागते.

माझे : म्हणजे रात्री अडकलात तर कॅनमधून डिझेल आणून भागणार नाही, मिस्त्रीही लागेल. पेशंट असेल त्या दिवशी चाळीसगाव सोडण्याआधीच पंपावर जा. हायवेवर अडकलात तर 1033, जिवाचा प्रश्न असेल तर 112 किंवा 108. तिन्ही नंबर फोनमध्ये घालून ठेवा.