या मावशी, आधी टेका इथं

या मावशी, या. बारा नंबरची खाट, ही तुमचीच. चप्पल राहू द्या, फरशी गार आहे. सूनबाई, ती थैली खाटेखाली सारा अन् तुम्ही उशापाशी बसा. कोण उठवत नाही तुम्हाला, बाईमाणसाजवळ एक बाईमाणूस राहतंच इथं.

मी संगीता. नुसतं 'सिस्टर' म्हणा. रात्री आठपर्यंत मीच आहे. केजवरून एस्टीनं आलाव ना? उभ्यानं? मग जरा दम घ्या. तुमचे हात किती थरथरायलेत बघा. नाही, पदराखाली झाकू नका, इथं भिऊन आल्याचं कुणाला नवल नाही.

सूनबाई सांगत होत्या, काल रात्रीपासून तुमच्या पोटात अन्न नाही. डॉक्टर म्हणाले 'पिशवी काढायची' अन् तुम्ही जीव मुठीत धरला. व्हय ना? मावशी, ऊसतोडीला कोयत्यावर गेलेल्या बायांच्या पिशव्या आपल्या जिल्ह्यात कशा काढल्या, ते मला ठाऊक आहे. २०१९ ला त्याची सरकारी चौकशी बी झाली. माझ्या चुलत जावेची तिशीच्या आत काढली, पैसे भरून, वर पस्तावा. म्हणून तुमच्या भिण्याला मी येडेपणा म्हणणार नाही.

पण ही पिशवी ती नव्हं. द्या तुमचा हात. हितं, उजवीकडं, बरगडीच्या खाली. तेलकट खाल्लं की दुखतं ना, पार पाठीत जातं? ही पित्ताची पिशवी, तिच्यात खडे झालेत. गर्भाची ती पार खाली, बेंबीच्याबी खाली. तिला कुणी हात लावणार नाही. दुर्बिणीनं करायचं, पोटावर तीन-चार बारीक छिद्रं. कधीमधी आत गुंता निघाला तर मोठा छेद द्यावा लागतो, ते डॉक्टर सांगतील. तुम्ही झोपेत असाल, कळणारबी नाही.

आता हातात सलाईनची सुई लावते. मुंगी चावल्यागत होईल, मग सुई बाहेर अन् आत नुसती मऊ नळी राहील. हात हलवा, चूळ भरा, काही होत नाही. रात्री भाकरी खा, पण दहानंतर तोंडात काही नाही, चहाबी नाही. पाणी कधी बंद करायचं ते रात्रीच्या सिस्टर सांगतील. सकाळी बांगड्या अन् मंगळसूत्र काढावं लागेल, ते सूनबाईंच्या ओटीत बांधून ठिवू, मोजून.

अन् कागदावर अंगठा आज नाही. डॉक्टर येतील, तुम्हाला समजेल असं बोलतील, तुम्ही विचाराल ते सांगतील, मग. तोवर कुणीबी कागद पुढं केला तर 'सिस्टरला बोलवा' म्हणा.

बरं, सांगा मला, कोणती पिशवी?

हां. आता बाही वर करा, बीपी बघते.