बकरीनं पोळा फोडला

सई बाळा, तुझ्या वहीच्या पानाचा फोटो आईनं पाठवला. तिचा अंगठा मधे आला होता, म्हणून शेवटचा शब्द झूम करून करून वाचला, तो 'ओशाळणे' आहे. बाईंनी दिलेले शब्द असे: साखरझोप, गोंगाट, धांदल, माळा, अलगद, हिरमुसणे, टणक, किंचित, झूल, ऐट, कुतूहल, बिलगणे, तोरण, ओशाळणे. सगळे गोष्टीत टाकलेत. शब्द दिसला की बोट ठेवायचं आणि आईला ओरडून सांगायचं. चल, ऐक.

नागपुरात महालातल्या एका गल्लीत मन्या राहायचा. त्या दिवशी तो मस्त साखरझोपेत होता, आणि एकदम बाहेर ढोलताशे, पिपाण्या, "घेऊन जा गे मारबत!" असा गोंगाट. मन्या ताडकन उठला. मारबतीची मिरवणूक निघाली म्हणजे आजच तान्हा पोळा! संध्याकाळी लाकडी बैल घेऊन जायचं आणि त्याचा बैल अजून माळ्यावर!

मग काय, घरात नुसती धांदल. आई टिकल्या शोधतेय, ताई बेगड कापतेय, बाबा टॉवेलवरच शिडीवर चढले. आजोबांच्या लहानपणीचा सागवानी बैल होता तो, मन्याच्या कमरेएवढा. बाबांनी तो अलगद खाली ठेवला आणि बैल बसला एका बाजूला कलंडून. चाकं तीनच!

मन्या असा हिरमुसला की खालचा ओठ पार हनुवटीपर्यंत आला.

"काऊन रे, काय झालं?" आजी स्वयंपाकघरातून म्हणाली.

"चौथं चाक कुठाय आजी?"

आजी काहीच बोलली नाही. आजी बोलत नाही म्हणजे काहीतरी आहे, हे मन्याला माहीत होतं. तो आत गेला तर लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून चाक! मधल्या भोकात चिंधीचा बोळा कोंबलेला.

"झाकण फुटलं होतं नं बापा," आजी म्हणाली, "आणि ते चाक इतकं टणक, उंदीर काय उंदराचा बाप आला तरी कुरतडणार नाही. नेतोस तर ने, पण माझ्या बरणीले काहीतरी दे."

मन्यानं इकडं तिकडं पाहिलं आणि बाबांची तर्री पोह्याची ताटली उचलून बरणीवर ठेवली, वर वरवंटा. झालं काम! (बाबांना विचारलं नाही, ते नंतर बघू.)

चाक बसलं. धुतलं तरी त्याला लोणच्याचा किंचित वास येतच होता, पण संध्याकाळी घाईत कोण वास घेत बसतं? ताईनं जुन्या साडीची लाल झूल घातली, शिंगांना बेगड लावली, गळ्यात घुंगरू. मन्या डोक्याला फेटा बांधून दोरी ओढत निघाला, काय त्याची ऐट! जसं काही पूर्ण महाल त्याच्याच मालकीचं.

मैदानात पोरं रांगेत उभी. कोणाचा बैल मुठीएवढा, कोणाचा पार खांद्याएवढा. वर आंब्याच्या पानांचं तोरण. एक काका झडती, म्हणजे पोळ्याचं गाणं, म्हणाले, मग सगळ्यांनी "एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!" आता तोरण तोडायचं, म्हणजे पोळा फुटणार.

तेवढ्यात मन्याला मागून आवाज आला. चप चप चप.

बघतो तर गल्लीतल्या काकूंची पांढरी बकरी! मोठ्या कुतूहलानं चाक हुंगतेय आणि चाटतेय. खारट ना ते, आणि बकऱ्यांना मीठ लई आवडतं. मन्या "हुर्र, हुर्र" करतोय तर ती अजूनच बैलाला बिलगली. मग तिनं मान वर केली. वर काय? हिरवीगार पानं!

टुणकन बैलाच्या पाठीवर. मागच्या दोन पायांवर उभी. आणि खच्चकन तोरण तोंडात!

क्षणभर सगळे चूप. मग कोणीतरी पोट्टं ओरडलं, "बकरीनं पोळा फोडलाऽऽ!" आणि सगळी पोरं आपापले बैल घेऊन खडखड खडखड पळत सुटली.

बाबा इतके ओशाळले, की फेटा सरळ करायच्या नावानं तोंडच लपवलं. काका मात्र पोट धरून हसत होते. त्यांनी मन्याच्या हातात बोजाऱ्याचे दहा रुपये ठेवले आणि बकरीलाही एक केळं दिलं.

मग घरोघरी बोजारा मागत फिरले, मन्या पुढं, बैल मधे, बकरी मागं, चप चप चप.

घरी आल्यावर आजी म्हणाली, "आण बरं माझं झाकण." मन्यानं बैल पुढं केला. चाक चाटून चाटून आरशासारखं चमकत होतं.

"बकरीनं चाटलं? ईऽऽ! राहू दे, बैलालेच राहू दे."

मग बरणीवर ती ताटलीच राहिली, आणि बाबा आता तर्री पोहे कुकरच्या झाकणात खातात.