सायखेड्याला मुक्काम

कॅलेंडरचं ऑगस्टचं पान उलटं करून मुक्ताने त्यावर गोदावरी काढली होती. डावीकडे त्र्यंबकचा ब्रह्मगिरी, मग गंगापूर धरण, मग रामकुंड. रामकुंडाच्या वरच्या अंगाला पंचवटीतलं त्यांचं दोन खोल्यांचं घर, दारातल्या नळासकट. तिथून नदी एकलहरे, चांदोरी, सायखेडा करत नांदूर मध्यमेश्वरला पोचायची आणि पैठणपाशी कागद संपायचा. पाचवीच्या वर्गात सरांनी सांगितलं होतं, नदी १४६५ किलोमीटर जाते. तिला निदान पुढच्या दोन गावांपर्यंत तरी जायचं होतं.

लग्न नाहीतर दहावा, याशिवाय हे घर कधी बाहेर मुक्कामाला गेलं नव्हतं. पप्पांची रविवार कारंजावर चहाची गाडी. एक दिवस बंद ठेवली की गिऱ्हाईक शेजारच्या गाडीवर जाणार, आणि गेलेलं परत येईलच असं नाही. आईकडे फॉल-पिकोच्या साड्यांचा ढीग. आजीचे गुडघे.

म्हणून मुक्ताने आधी नकाशात गुडघे घातले. जिथे पायऱ्या तिथे लाल फुली, जिथे बसायला ओटा तिथे हिरवा ठिपका. सायखेड्याच्या घाटाला तिने सरसकट फुल्या मारल्या होत्या. आजीने चष्मा लावून पाहिलं आणि बोट ठेवलं.

"हे कोणी सांगितलं तुला? घाटाच्या अलीकडे उतार आहे. बैलं त्याच वाटेनं पाण्यावर न्यायचो आम्ही. आणि मारुतीचं देऊळ इकडे नाही, चिंचेच्या पलीकडे."

सायखेडा आजीचं माहेर. २०१९ च्या पुरात भाच्याच्या घरात गंगा शिरली, तेव्हा आजी इथे फोनपाशी बसून होती. त्यानंतर तिकडे जाणं झालंच नव्हतं. मुक्ताने खोडरबर घेतलं. त्या संध्याकाळी सायखेडा चारदा पुसून पाचव्यांदा काढलं गेलं. आजी सांगत होती आणि ती रेघा ओढत होती: दगडी ओटा, भाच्याचं घर, त्याच्या भिंतीवर पूर चढला ती खूण. आईने मशीन थांबवलं आणि तीही येऊन बसली.

"रात्री राहायचं कुठं मग?" आईने विचारलं.

"मामांकडे. स्वयंपाक मामी करणार. तू नाही."

आई काही बोलली नाही, पण जानेवारीतल्या शनिवारच्या साड्या आधीच उरकायच्या म्हणून वेगळ्या काढू लागली.

पप्पा रात्री दहाला आले. मुक्ताने वही पुढे केली. एसटीत आजी पंचाहत्तरच्या पुढची, तिला तिकीट नाही. आईला निम्मं, बाई म्हणून. मुक्ता बाराच्या आतली, तिलाही निम्मं. पप्पांचं पूर्ण. म्हणजे चौघांचं मिळून दोनच तिकिटं. आजीचं आधार कार्ड घ्यायचं, असं खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं.

पप्पांनी हिशेब दोनदा तपासला. पैसे रोज मोजणारा माणूस, चूक सापडली असती तर त्यांना सुटकाच वाटली असती.

"आणि गाडी?"

"शनिवार-रविवार बाजारपेठेतली बरीच दुकानं बंद असतात असं तुम्हीच म्हणता. तुमचा खप रविवारी कमी. मी दिवाळीपासून लिहून ठेवलाय."

ठेवला होता खरा, शेवटच्या पानावर.

जानेवारीत ते गेले. निफाड तालुक्यातली थंडी नाशिकपेक्षा वरचढ. पहाटे पप्पा आजीची शाल पांघरून भाच्याच्या छोट्या हत्तीत मागे बसले. नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्यावर धुकं होतं आणि धुक्यातून आधी फक्त आवाज येत होते. मग ऊन पडलं तसे चक्रवाक दिसले, विटकरी रंगाचे, जोडीजोडीने. वारकरी पक्षी तर मोजता येईनात. मनोऱ्याला शिडी होती, म्हणून आजीसाठी काठावरचा हिरवा ठिपका आधीच काढलेला होता. तिथे भाच्याने खुर्ची मांडली. मामीने थर्मासमधला चहा पप्पांच्या हातात दिला. पप्पांनी सवयीने तो पुढे आजीला द्यायला हात केला, तर मामी म्हणाली, "भावजी, तो तुमचाच आहे, प्या."

रविवारी दुपारी निघायची वेळ झाली आणि आजी ओट्यावरून उठेना.

"मी आठ दिवस राहते. तुम्ही व्हा पुढे."

मुक्ताचा चेहरा उतरला. नकाशावर परतीच्या बाणापाशी चार माणसं काढली होती.

"आठ दिवसांनी न्यायला कोण येणार, अक्का?" पप्पा म्हणाले. "मला परत गाडी बंद ठेवता यायची नाही."

आजीने मुक्ताकडे हनुवटी केली. "ही येईल की आईला घेऊन. हिला वाट ठाऊक आहे."

मुक्ताने पिशवीतून वही काढली. येताना दोघींचं मिळून एक तिकीट, जाताना आजी धरूनही एकच.

"शनिवारी यायचं की रविवारी?" तिने आईला विचारलं.