वर्गपाठाचे प्रश्न : ‘जायकवाडीचे सगळे दरवाजे उघडले’

पत्रकारिता पदविका, दुसरं सत्र, परभणी. वेळ दीड तास, गुण 40. मोबाइल आणि नेट वापरायला मोकळीक. उत्तरात नुसतं ‘खात्री करू’ लिहिलं तर शून्य. कोणाकडून, कशी, किती वाजेपर्यंत, ते लिहा.

प्रसंग. ऑगस्टचा शेवटचा आठवडा, तीन दिवस पाऊस. तुम्ही एका दैनिकाच्या परभणी कार्यालयात डेस्कवर आहात. शुक्रवारी दुपारी 4 वाजता तीन व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच मेसेज येतो: ‘जायकवाडीचे सर्व 27 दरवाजे उघडले. 90 हजार क्युमेक पाणी सोडले. रात्री 8 पर्यंत गंगाखेडात पाणी घुसणार. कलेक्टर साहेबांचा आदेश. सर्वांना पाठवा.’ सोबत धरणाचा फोटो आणि एक पत्र. मेसेजवर दुहेरी बाण आहे. जिल्हा आवृत्तीची पानं रात्री 10:30 ला सुटतात. वेबसाइटवाले आत्ताच मागताहेत.

प्रश्न 1. (गुण 4) फोन उचलण्याआधी मेसेजच नीट वाचा. एक क्युमेक म्हणजे सुमारे 35 क्युसेक. मग 90 हजार क्युमेक म्हणजे किती क्युसेक, आणि लिहिणाऱ्याची गडबड कुठे झाली असावी? पैठण ते गंगाखेड सरळ रेषेतच दीडशे किलोमीटरच्या आसपास; नदी वळणं घेत जाते, वाटेत ढालेगाव आणि मुदगलचे बंधारे आहेत. चार तासांत पाणी पोचायला वेग किती लागेल? गणित जमलं नाही म्हणजे पाणी सोडलंच नाही, असं म्हणता येईल का?

प्रश्न 2. (गुण 8) चौकशीत तिघं बोलले. गंगाखेडचा वार्ताहर: ‘पक्की खबर, गावात सगळ्यांकडे आलंय.’ नदीकाठच्या गावातले ग्रामसेवक: ‘मलाही मेसेज आलाय, दवंडी द्यायला सांगू का?’ धरणावरचे एक कर्मचारी: ‘विसर्ग सुरू आहे, आकडा वरिष्ठच सांगतील, माझं नाव नको.’
(अ) यातली स्वतंत्र सूत्रं किती? एकाच मेसेजचे वाचक ही वेगवेगळी सूत्रं धरणाऱ्याचे चार गुण जातील.
(आ) पुढचे तीन फोन क्रमाने लिहा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 आणि जलसंपदा विभाग, यांतला आधी कोणता आणि का? प्रत्येकाला विचारायचा नेमका प्रश्न लिहा. ‘हे खरं आहे का?’ चालणार नाही. ‘आत्ता किती दरवाजे, किती फुटांनी, किती क्युसेक, किती वाजल्यापासून?’ या धर्तीचा हवा.

प्रश्न 3. (गुण 12) फोटोची छापील प्रत सोबत आहे. उजव्या कोपऱ्यात कठड्यावरच्या फलकाचा अर्धा तुकडा दिसतो. अक्षरं तेलुगू वाटतात. कडेचे दरवाजे कापले गेलेत, तरी मोजून 30 हून जास्त भरतात.
(अ) जायकवाडीला 27 दरवाजे. मग फोटोबद्दल काय सांगता येतं, काय नाही?
(आ) गुगल लेन्समध्ये आधी पूर्ण फोटो आणि नंतर फक्त फलकाचा तुकडा कापून का टाकायचा? टिनआयमध्ये ‘Oldest’ लावून आलेली तारीख ही फोटो काढल्याची तारीख का नव्हे?
(इ) एक विद्यार्थी म्हणतो, ‘फाइलच्या मेटाडेटात वेळ बघू.’ व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत ते का मिळत नाही? मूळ फाइल कोणाकडे मागाल, कशी पाठवायला सांगाल?
(ई) समजा फोटो तेलंगणातल्या श्रीराम सागरचा निघाला. तेही गोदावरीवरचंच, 42 दरवाज्यांचं. मग ‘गोदावरीवरील धरण’ ही ओळ खरी. तरी ती छापणं चूक का? आणि फोटो खोटा म्हणून दावाही खोटा, ही उडी कुठे फसते? (या उपप्रश्नावर सवड घ्या. डेस्कवर जास्तीत जास्त चुका इथेच होतात.)

प्रश्न 4. (गुण 4) पत्रावर जावक क्रमांक नाही, तारीख नाही, सही धूसर. खरं पत्रही फोटोत असंच दिसू शकतं. पडताळणीचे दोन मार्ग लिहा; ‘फॉन्ट वेगळा दिसतो’ हा मार्ग नव्हे.

प्रश्न 5. (गुण 12) 5:20 वाजले. जलसंपदाचे अभियंता सांगतात: ‘18 दरवाजे प्रत्येकी दीड फूट उघडलेत, वाढवायचे का ते सातला ठरेल.’ जिल्हाधिकारी कार्यालय फोन उचलत नाही.
(अ) आत्ता काय देता येईल आणि काय थांबवाल? वेबसाइटसाठी 60 शब्दांची बातमी लिहा. शीर्षकात व्हायरल दावा जसाच्या तसा येऊ नये.
(आ) संपादक म्हणतात, ‘दुसऱ्यांनी टाकलंय, आपणही टाका, खोटं निघालं तर काढू.’ त्यांना तीन वाक्यांत उत्तर द्या. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, 2005 चं कलम 54 खोट्या इशाऱ्याबद्दल आहे. त्याचा उल्लेख करायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.
(इ) थांबणंही फुकट नसतं. काठावरच्या वस्तीला खरोखर निघायचं असेल आणि तुम्ही दोन तास गप्प राहिलात तर? कोणत्या मिनिटाला, कोणता एक दुजोरा मिळाल्यावर बातमी सोडाल?
(ई) 7:10 ला दरवाजे 27 होतात. 60 शब्दांची जुनी बातमी पुसायची, बदलायची की खाली वेळ टाकून जोडायची? जोडायची ओळ लिहून दाखवा.