चार वडापाव सोडा, वाचनालयाशी नातं जोडा!

(बरं, वडापाव सोडू नका, आम्हालाही आवडतो. सांगायचं एवढंच की आमची महिन्याची वर्गणी फक्त 60 रुपये आहे.)

मंडळी, दिवाळी जवळ आली. दरवर्षीचंच आहे, स्टॉलवर उभं राहून अंक चाळायचे, हा घेऊ की तो घेऊ करत शेवटी दोनच घरी आणायचे, कारण एकेक अंक आता तीनशेच्या घरात गेलाय आणि फराळाचं सामान पण आणायचंय ना! 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक निघाला तेव्हापासून मराठी माणसाला ही सवय लागलीय, ती काय अशी सुटणार आहे होय.

तर सोपा हिशोब. तीस अंक विकत घ्यायचे म्हटले तर नऊ हजार. आमच्या दिवाळी अंक योजनेत सभासदांसाठी 250 रुपये, एकदाच. 31 जानेवारीपर्यंत एकेक अंक बदलत न्या, जेवढे वाचून होतील तेवढे तुमचे.

आजीला अंक, आईला कादंबरी,
एकाच कार्डात लायब्ररी घरी!

घरी कार्ड एकच पुरतं, एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक मिळतं. कोण आधी वाचणार यावरून भांडणं झाली तर ती मात्र तुमची तुम्ही मिटवा 😄 बालविभागात खाली सतरंजी टाकलेली आहे, पोरांना आणून सोडा आणि खुशाल भाजी घेऊन या, पण आठच्या आत परत न्या हं, गेल्या महिन्यात एकजण कुलूप लावेपर्यंत कपाटामागे वाचत बसला होता. एमपीएससीवाल्यांसाठी वर अभ्यासिका आहे, तिथे पंखे चालू आणि वायफाय मुद्दाम बंद. पेपर वाचायला तर कार्डही लागत नाही, कोणीही या.

रील बघता बघता वाजले बारा,
पुस्तक उघडा, झोप येईल जरा!

(आमच्या बाई म्हणाल्या ही घोषणा उलटी पडेल, पुस्तक वाचून झोप येते असं कोण सांगतं. राहू दे, खरं आहे ते.)

सभासद व्हायला काय लागतं? एक फोटो, आधारची झेरॉक्स आणि 300 रुपये अनामत. अनामत सभासदत्व सोडताना पूर्ण परत मिळते, पावती तेवढी जपून ठेवा. 15 ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला नोंदणी सुरू होतेय, ती पाडव्यापर्यंत. या दिवसांत नाव नोंदवलंत तर 50 रुपये प्रवेश फी माफ. आणि जुने सभासद, ज्यांच्याकडे आमची पुस्तकं वर्षानुवर्षं मुक्कामाला आहेत, तुम्हीपण या, या काळात दंड घेणार नाही, कोणी काही विचारणारही नाही, गुपचूप टेबलावर ठेवा नि नवीन घेऊन जा.

लाजू नका, लपू नका, परत करा ठेवा,
जुनं पुस्तक देऊन जा, नवं घरी न्यावा!

पत्ता: मारुती मंदिराच्या मागे, पिठाच्या गिरणीवर, पहिला मजला. सकाळी 8 ते 11, संध्याकाळी 5 ते 8. सोमवारी सुट्टी. जिन्यात लाईट नाहीये, मोबाईलचा टॉर्च लावून या.