पहिला ब्रीच: १३ जून २०२५ च्या रात्री काय झालं, का झालं, आता काय करतोय

हा रिपोर्ट आपल्या अकरा जणांसाठी आणि २३ लॅबच्या मालकांसाठी आहे, दोघांना तोच कागद, वेगळी सौम्य कॉपी नाही. यात कुणाचं नाव मुद्दाम घातलेलं नाही, कारण त्या रात्री जे झालं ते कुणाही एकाच्या हातून झालेलं नाही.

थोडक्यात: लॅबचे रिपोर्ट ज्या एडब्ल्यूएस क्लाउडवर ठेवतो, त्या स्टोरेजची की, म्हणजे पासवर्डसारखा कोड, गिटहबवर उघडी पडली, ती वापरून कुणीतरी पेशंटचे रिपोर्ट उतरवून घेतले. बकेटमध्ये, म्हणजे त्या स्टोरेजच्या फोल्डरमध्ये, सुमारे ४१,००० पीडीएफ होत्या, त्यात नाव, वय, मोबाईल नंबर आणि टेस्टचा निकाल.

टाइमलाइन (सगळी वेळ भारतीय. क्लाउडट्रेल, म्हणजे एडब्ल्यूएसची हालचालींची नोंदवही, यूटीसीत लिहितं, पहिल्या ड्राफ्टमध्ये साडेपाच तास मिळवायचे राहिले आणि सगळा क्रम उलटा दिसत होता.)

शुक्रवार रात्री १०:५२ ला फ्रीलान्सरला कोड दिसावा म्हणून गिटहबवरची कोडची रेपो सगळ्यांना दिसेल अशी पब्लिक केली. १०:५८ ला, म्हणजे सहा मिनिटांत, अनोळखी आयपीवरून `GetCallerIdentity`, म्हणजे की कुणाची ते पाहणं, मग ११:०३ ला `ListBuckets`, म्हणजे बकेटची यादी काढणं. ११:०९ पासून आपण कधीच न वापरलेल्या रीजनमध्ये `RunInstances` चे, म्हणजे नवे सर्व्हर चालू करण्याचे प्रयत्न, ते सगळे फेल गेले कारण त्या कीला फक्त स्टोरेजची परवानगी होती. ११:१४ ला एडब्ल्यूएसचा इशाऱ्याचा मेल आला, पण तो रूट अकाउंटच्या जुन्या मेलवर, जो कुणीच उघडत नाही.

शनिवारी सकाळी ९:४० ला त्याच फ्रीलान्सरचा फोन आला, "दादा, तुमच्या रेपोत की दिसतेय". ९:५२ ला की इनॲक्टिव्ह केली, १०:०५ ला रेपो प्रायव्हेट. तीच की सगळीकडे वापरत असल्यामुळे ११:२० पर्यंत सगळ्या लॅबचं अपलोड बंद होतं, शनिवारी सकाळी काउंटरवर गर्दी असते त्याच वेळी. सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला, सर्ट-इनला, कळवलं संध्याकाळी ६:५० ला. नियम लक्षात आल्यापासून सहा तासांचा आहे, म्हणजे ३:४० च्या आत जायला हवं होतं. लॅबना फोन गेले ते रविवारी ११ वाजता.

किती गेलं? हे सगळ्यात जास्त टोचतंय. नेमक्या कुठल्या फाईल गेल्या ते आम्ही सांगू शकत नाही, कारण बकेटमधल्या फाईल कुणी वाचल्या याची नोंद क्लाउडट्रेल आपोआप ठेवत नाही, ती चालू करावी लागते आणि आपण केलेली नव्हती. मग बिलिंगचा तासवार वापर काढला: रात्री १०:३० ते ११:३० मध्ये २.६ जीबी बाहेर गेलंय, एरवी त्या तासाला ५० एमबी पण नसतं. एक पीडीएफ सरासरी १८० केबी धरली तर साधारण १४,००० रिपोर्ट. पण कुठले ते माहीत नाही, म्हणून सगळे ४१,००० गेले असंच धरून चाललोय, आणि लॅबनीही पेशंटना तसंच सांगावं ही विनंती.

मूळ कारण. रेपो पब्लिक करणं हे फक्त निमित्त. की २०२१ मध्ये `.env` या सेटिंगच्या फाईलमधून कोडसोबत कमिट झाली, पुढच्या कमिटला फाईल डिलीट केली आणि सगळ्यांना वाटलं विषय संपला, पण गिटच्या हिस्टरीत ती तशीच होती:

```
git log --all --oneline -- .env
```

ही एक ओळ चार वर्षांत कुणी चालवली नाही. की कधी बदलली नाही, कारण बदलली तर कुठलं सर्व्हर बंद पडेल याची यादीच नव्हती. आणि अपलोडपुरती परवानगी पुरली असती तिथे पूर्ण स्टोरेजची दिली, घाईत.

काय शिकलो. शनिवारी दुपारी "खात्री झाल्यावर लॅबना सांगू" असं मीच म्हणालो, ते चुकलं. लॅबवाल्यांना पेशंटचे फोन येतात, त्यांना आमच्याकडून आधी कळायला हवं होतं. पुढच्या वेळी शंका आली की दोन तासांत पहिला फोन, माहिती अर्धी असली तरी. फ्रीलान्सरने घाबरून गप्प न बसता फोन केला म्हणून अजून नुकसान टळलं, त्याचे आभार.

झालेली कामं: सर्व्हरवर आता कायमची की नाहीच, तात्पुरती परवानगी देणारा रोल आहे. फाईल वाचल्याची नोंद चालू केलीय आणि सगळे लॉग १८० दिवस ठेवतोय (आधी फक्त ९० दिवसांची डिफॉल्ट हिस्टरी होती). रूटचा मेल दोघांच्या फोनवर येतो, पासवर्डशिवाय दुसरी खात्री मागणारं एमएफए लावलंय. प्रत्येक कमिटआधी कोडमध्ये चुकून राहिलेल्या की शोधणारं गिटलीक्स चालतं.

बाकी: जुन्या सगळ्या रेपोंची हिस्टरी तपासणं, बॅकएंड टीम, ३० जूनपर्यंत. सहा महिन्यांपेक्षा जुने रिपोर्ट आपल्याकडून काढून टाकणं, यावर लॅबची संमती हवीय, २३ पैकी १७ चं उत्तर आलंय, उरलेल्या सहा जणांना मी सोमवारी स्वतः फोन करतोय.