विषय: पगारवाढीबाबत विनंती

सर, नमस्कार.

चाकणच्या गोदामात डिस्पॅच सांभाळायला लागून मला तीन वर्षं झाली. पगार मात्र दीड वर्षापासून ३४ हजारांवरच आहे. या दीड वर्षात चुकीचा माल गेल्याच्या तक्रारी महिन्याला २२ वरून ५ वर आल्या. गाडी सुटण्याआधी बॅच नंबर एकानं मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं चलनावर टिक करायची, ही पद्धत मी लावली. दिवाळीत रात्रपाळीचे दोघे सोडून गेले, तरी एकही गाडी अडली नाही.

याच कामासाठी जवळच्या दोन कंपन्यांनी मला ४२ हजार सांगितले आहेत. मला इथेच राहायचं आहे, हे मनापासून सांगते. एप्रिलपासून ४१ हजार करावेत, ही विनंती. गुरुवारी पाळी संपल्यावर दहा मिनिटं द्याल का? तक्रारींचं रजिस्टर सोबत आणते.

आपली,
स्मिता